फ्लेक्सवरची साक्ष

दहावी-बारावीचे निकाल लागले की वाशी स्टेशनबाहेरचा रस्ता आठवड्याभरात चेहऱ्यांनी भरून जातो. फ्लेक्सवर ओळीने पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली टक्के आणि तळाशी कुणा पालकाचं अवतरणचिन्हातलं एक वाक्य. नेरुळला जा, सीवूड्सला जा, खारघरला जा. सेक्टर बदलतो, दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा क्लास बदलतो, पण वाक्य तेच राहतं: ‘सरांमुळेच हे शक्य झालं.’ मी जाहिरातींचा मजकूर लिहितो. असली वाक्यं मीही पुष्कळ लिहिली आहेत. ‘लिहिली’ हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण ती मी लिहायची नव्हती, पालकांनी म्हणायची होती.

हा मजकूर ज्यांच्या हातून उतरतो त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे. एजन्सीत नव्याने लागलेली मुलं, आपल्या क्लासचं पत्रक स्वतःच लिहिणारे शिक्षक, फ्लेक्सवाल्याच्या संगणकापाशी उभं राहून दोन ओळी सुचवणारे हौशी, सगळ्यांचं इथे स्वागत आहे. विषय वरून सोपा दिसतो. गिऱ्हाइकाने कौतुक केलं, ते आपण छापलं, त्यात अभ्यासासारखं काय? पण माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर का विसंबतो हा मानसशास्त्राचा प्रश्न, ते सांगणं चार शब्दांत कसं बसवायचं हा लिहिणाऱ्याचा प्रश्न आणि बसवल्यावर त्याचं उत्तर कुणी द्यायचं हा कायद्याचा प्रश्न, हे तिन्ही या एका कृतीत येऊन मिळतात. पहिल्या दोन्हींवर भरपूर लिहिलं गेलं आहे. तिसऱ्याकडे आपण बहुधा नोटीस हातात पडल्यावर वळतो, म्हणून इथे त्याच्यावर जास्त वेळ थांबणार आहे.

‘सोशल प्रूफ’ हा शब्द रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८४ साली आलेल्या ‘इन्फ्लुएन्स’ या पुस्तकामुळे आपल्या धंद्यात रुळला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काय करावं हे कळेनासं झालं की माणूस आपल्यासारखी माणसं काय करताहेत ते बघतो. यात ‘कळेनासं’ आणि ‘आपल्यासारखी’ हे दोन शब्द महत्त्वाचे. दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांत लाखभर रुपये कुठे भरायचे हे ठरवणाऱ्या आईबापांची अवस्था म्हणजे ‘कळेनासं’ याचं शुद्ध उदाहरण. पण ‘आपल्यासारखी’कडे आपण दुर्लक्ष करतो. ९९ टक्केवाल्या मुलाचा फोटो ६२ टक्केवाल्याच्या बापाला काहीच सांगत नाही. त्याला दुसऱ्या ६२ टक्केवाल्याचं काय झालं ते ऐकायचं असतं. तो मुलगा मात्र फ्लेक्सवर कधी नसतो.

मोठ्या नावाची साक्ष घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच. स्वदेशीच्या काळात गोदरेजच्या साबणाला रवींद्रनाथ टागोरांनी शिफारस दिली होती आणि ती जाहिरातीत छापून आली होती. साबण ही निदान हातात घेऊन पाहता येणारी वस्तू. शिकवणीचं तसं नाही. तिचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो आणि दिसला तरी तो कशामुळे हे सांगणं अवघड. म्हणूनच नवी मुंबईतला क्लासचा फ्लेक्स मला या विषयाच्या अभ्यासाला सगळ्यात योग्य नमुना वाटतो.

आता कायद्याकडे. धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाची एक ठाम समजूत असते, माझीही होती: ‘हे आम्ही म्हणत नाही, पालक म्हणतायत.’ अवतरणचिन्ह म्हणजे जणू छत्री, त्याखाली उभं राहिलं की पाऊस लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याने ही छत्री काढून घेतली आहे. त्यातल्या अनुमोदनाच्या व्याख्येत नाव, सही, चेहरा हे सगळं येतं, आणि अनुमोदन करणाऱ्याचं मत, निष्कर्ष किंवा अनुभवही येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटं वर्णन आहे, खोटी हमी आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही आहे. पहिल्या चुकीला १० लाखांपर्यंत, पुढच्या प्रत्येकीला ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. जून २०२२ मध्ये या प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की अनुमोदन हे त्या माणसाचं खरं आणि बऱ्यापैकी ताजं मत असावं आणि पुरेशा माहितीवर किंवा प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेलं असावं. मुंबईतच मुख्यालय असलेल्या ‘ॲस्की’ची, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेची संहिताही याच दिशेने बोलते: वस्तुस्थिती म्हणून मांडलेला दावा सिद्ध करता आला पाहिजे.

पालकाने आपल्या फोनवरून गूगलवर ‘जगातला सर्वोत्तम क्लास’ असं लिहिलं तर ते तिचं मत. ते उचलून तुम्ही पाम बीच रोडवर लावलं की तो तुमचा दावा झाला आणि जगातले बाकीचे क्लास तुम्ही तपासले का, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो.

कोर्टकचेरीतला एक साधा नियम इथे फार उपयोगी पडतो. साक्षीदाराने जे पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगावं, त्यावरून काढलेला निष्कर्ष सांगू नये. पालकाने काय पाहिलं? मुलगा किती वाजता गेला, केव्हा आला, घरी वह्या उघडल्या का, क्लासमधून फोन आला का. पालकाने काय पाहिलं नाही? मार्क कशामुळे वाढले. ते तिला वाटतं, आणि वाटण्यात काही गैर नाही. पण ते तिच्या नावावर छापलं की आपण तिला तिच्या ज्ञानाच्या पलीकडे नेऊन उभं करतो. या विषयात माझं एकच म्हणणं आहे ते हे. पुढची सगळी उदाहरणं त्याच अंगाने बघा.

सगळ्यात शिकवून जाणारं प्रकरण दिल्लीचं आहे. ‘श्रीरामस् आयएएस’ या संस्थेने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत आपले दोनशेहून अधिक उमेदवार निवडले गेल्याची जाहिरात केली. प्राधिकरणाने पुरावा मागितला तेव्हा १७१ जणांचाच निघाला. पण खरी गोष्ट त्या १७१ च्या पोटात होती. त्यांतले १०२ जण मोफत मुलाखत मार्गदर्शनाला आलेले होते. ५५ जणांनी मोफत सराव परीक्षा दिल्या होत्या. ५ जण एका राज्य सरकारशी झालेल्या करारातून मोफत शिकले होते. सामान्य अध्ययनाच्या प्रत्यक्ष वर्गात बसलेले किती? ९. ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थेला ३ लाखांचा दंड झाला.

मुलाखतीपर्यंत पोचलेला उमेदवार पूर्व आणि मुख्य या दोन्ही परीक्षा आधीच पास झालेला असतो. त्याला चार सराव मुलाखती देणं ही चांगलीच मदत आहे, पण फी भरून वर्षभर बसू पाहणाऱ्या पोराला हवी असलेली साक्ष ती नव्हे. या १७१ जणांचं यश खरं होतं आणि संस्थेशी त्यांचा काही ना काही संबंधही खरा होता. दडवलं गेलं ते एवढंच की कोण कशासाठी आलं होतं. त्याच परीक्षेबद्दल चेन्नईच्या ‘शंकर आयएएस अकॅडमी’ने ९३३ पैकी ३३६ जण आपले असल्याचा दावा केला होता आणि तिला ५ लाखांचा दंड झाला. दोन संस्थांची बेरीज केली तरी देशातल्या निम्म्याहून अधिक जागा भरतात. बाकीच्या डझनभर संस्थांचे फ्लेक्स अजून मोजायचेच आहेत!

महाराष्ट्रातल्या पालकांना जवळचं वाटेल असं प्रकरण आयआयटी-जेईईची तयारी करून घेणाऱ्या ‘आयआयटीपीके’चं. तिथे मुलांच्या नावा-फोटोंबरोबर १, २ असे ठळक आकडे आणि ‘आयआयटी टॉपर’, ‘नीट टॉपर’ अशी बिरुदं होती. वाचणारा ते देशपातळीवरचे क्रमांक समजणार. प्रत्यक्षात ते संस्थेच्या आतल्या मुलांमधले क्रमांक होते. ‘२१ वर्षांत १३८४ आयआयटी रँक’ या दाव्यातही एनआयटी, बिट्स आणि पुण्यातली खासगी अभियांत्रिकी कॉलेजं मोजलेली निघाली. २०२५ मध्ये इथेही ३ लाखांचा दंड झाला. टॉपरांच्या त्या क्रमांकांत एकही वाक्य लिहिलेलं नाही हे लक्षात घ्या. फोटोला खेटून ठेवलेला एक आकडा, बस. मजकूर लिहिणाऱ्याने मांडणीचा प्रूफ बघायचाच नाही अशी आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी लागेल. दावा बऱ्याचदा शब्दांत नसतो, दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात असतो.

अशी प्रकरणं साचत गेल्यावर १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने शिकवणी क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. फोटोबरोबर नाव, क्रमांक, त्याने घेतलेला अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि तो सशुल्क होता की मोफत, हे छापायला हवं. ‘निकालानंतर’ हा शब्द कुठून आला ते प्रवेश अर्ज पाहिलेल्या कुणालाही कळेल. फी परत न मिळण्याच्या अटीखाली, बारीक टायपात, ‘माझा फोटो व नाव प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ असायची. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून सही करणाऱ्या मुलाला आपण कशाची साक्ष देतोय हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं; घटना अजून घडायची होती. ही तत्त्वं पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिकवण्यांना लागू आहेत. नृत्य, नाट्य, खेळ यांचे वर्ग त्यांत येत नाहीत. पण चाळीस मुलांच्या क्लासने हुश्श करू नये. मूळ कायदा आणि २०२२ ची तत्त्वं सगळ्यांनाच आहेत.

आता एक नमुना हातात घेऊन शेवटपर्यंत करून बघू. मी तो अनेक पत्रकांवरून रचला आहे, पण यातला प्रत्येक प्रकार या ना त्या रूपात माझ्या टेबलावर येऊन गेलाय. नेरुळमधला बारावी गणिताचा क्लास. सर मोबाइल पुढे करतात. एका आईचा मेसेज आहे:

‘सरांच्या तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्समुळे मुलाचे गणिताचे मार्क ५४ वरून ९१ झाले. नेरुळमध्ये असा दुसरा क्लास नाही.’

सर म्हणतात, ‘हेच टाका मोठ्या अक्षरांत. खरं आहे, मार्कशीट आहे माझ्याकडे.’

मेसेज खरा आहे, यात शंका नाही. पहिलं काम म्हणजे मार्कशीट आणि आधीचा पेपर शेजारी ठेवणं. ९१ हे बोर्डाचे, १०० पैकी. ५४ हे कॉलेजच्या डिसेंबरातल्या प्रीलिमचे, आणि ते ८० पैकी. बारावीच्या गणितात लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० असतात. मुलाला प्रात्यक्षिकात २० पैकी २० होते. म्हणजे लेखी ७१. तेव्हा तुलना करायचीच तर ५४ ची ७१ शी, दोन्ही ८० पैकी. १७ मार्कांची वाढ हीही छान वाढ आहे, पण फ्लेक्सवर ३७ दिसणार होती. आईने काही लपवलं नाही. तिने दोन आकडे पाहिले आणि आनंदाने लिहिले. लपलं असतं ते आपण छापल्यावर.

दुसरं, ‘मुळे’. विचारल्यावर कळतं की मुलगा दोन वर्षं दुसऱ्या एका क्लासलाही जात होता आणि जानेवारीपासून कॉलेज बंद असल्याने घरी रोज पेपर सोडवत होता. या १७ मार्कांतले किती कुणाचे? हे सरांना माहीत नाही, आईला नाही आणि मुलालाही नाही. तिसरं, ‘असा दुसरा नाही’. ही थेट तुलना आहे आणि तिला पुरावा मिळणं जवळपास अशक्य. ती ओळ जाते, तिच्यासाठी रडायचं कारण नाही. असल्या ओळी सगळ्यांच्याच फ्लेक्सवर असल्याने वाचणाऱ्याची नजर तशीही त्यांवरून घसरते.

मग उरलं काय? इथे बहुतेक जण हात टेकतात आणि ‘नियमांनी जाहिरात मेली’ म्हणतात. खरं काम इथून सुरू होतं. आईला फोन करायचा, पण ‘आणखी काही छान सांगा’ असं म्हणायचं नाही. तिने काय पाहिलं ते विचारायचं. क्लासच्या दिवशी घरी काय व्हायचं? मुलगा न गेल्यास काय व्हायचं? आधी जे होत नव्हतं असं काय व्हायला लागलं? पहिली पाच मिनिटं ती पुन्हा ‘सर खूप चांगले’ म्हणेल, कारण कौतुक करायचं असतं तेव्हा माणसं विशेषणांत बोलतात. थांबायचं. मग एकदम ती म्हणते, ‘अहो, एकदा हा क्लासला न जाता मित्राकडे बसला होता, तर मला ऑफिसात फोन! पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आणि रविवारी पेपर दिला की सोमवारी तपासलेला परत. मागे लाल पेनाने लिहिलेलं असायचं, कुठली पायरी सोडली ते.’

ही साक्ष. तिने पाहिलेली, तिच्या हातात आलेली. आणि बघा, पालकांना यांतलं काय खेचून घेईल: ९१ चा आकडा की सोमवारी परत आलेला लाल पेनाचा पेपर? मी पैज लावायला तयार आहे.

पण अजून छापायचं नाही. वाचणारी दुसरी आई हे वाक्य वाचून काय समजेल? ‘माझाही मुलगा गैरहजर राहिला तर मला फोन येईल.’ एका माणसाचा अनुभव छापला की तो सगळ्यांचा अनुभव म्हणूनच वाचला जातो. छापण्यामागचा हेतूही तोच असतो. तेव्हा सरांकडे हजेरीची वही मागायची आणि गेल्या महिन्यातल्या गैरहजऱ्या व त्या दिवसांचे फोन जुळतात का ते बघायचं. सगळीकडे जुळले तर छापा. तीनच घरी फोन गेले असतील तर आधी क्लासची पद्धत सुधारा, मग छापा. या तपासणीतून एकदा एका क्लासची फोनची व्यवस्थाच लागून गेली होती. जाहिरातीच्या मजकुराने धंदा सुधारल्याचं माझ्या नोकरीतलं ते एकमेव उदाहरण आहे.

अमेरिकेने याच मुद्द्यावर जवळपास तीस वर्षं घालवली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनची १९८० ची मार्गदर्शिका असाधारण अनुभव छापून खाली ‘असे परिणाम सर्वांना मिळतीलच असे नाही’ अशी ओळ टाकायला वाट ठेवत होती. वजन घटवणाऱ्या उत्पादनांच्या जाहिराती त्या ओळीवर जगल्या. २००९ साली ती वाट बंद झाली. आता असाधारण अनुभव दाखवायचा तर सर्वसाधारणपणे काय होतं ते स्पष्ट सांगावं लागतं. आपल्या २०२२ च्या तत्त्वांनी हाच धडा दुसऱ्या शब्दांत घेतला आहे: तळटीपेने दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करू पाहू नये.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या शहरासाठी मोलाची आहे. तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी आणि अक्षरही तेच हवं. नवी मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही एका फ्लेक्सवर नांदतात आणि त्यांची कामंही ठरलेली असतात: कौतुक मराठीत, फोन नंबर मोठा, अटी इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या. शिकवणीच्या तत्त्वांतही अशा खुलाशाचं अक्षर इतर महत्त्वाच्या मजकुराएवढं ठेवायला सांगितलं आहे. नेरुळच्या आईचं वाक्य छापताना त्याच्या खाली ‘बारावी गणित क्रॅश कोर्स, तीन महिने, सशुल्क’ ही ओळ त्याच अक्षरात जायला हवी. वाक्य छोटं करायला हरकत नाही, पण अर्थ हलता कामा नये. ‘कधीकधी उशीर व्हायचा, पण पेपर परत यायचा’ यातला पहिला अर्धा कापणं म्हणजे छोटं करणं नव्हे. आणि शेवटचं, कापलेलं, जसं छापणार तसं वाक्य आईला दाखवून त्यावर तिची तारखेसह सही घ्यायची. कायद्याच्या नजरेत ती अनुमोदन करणारी आहे. तिच्या तोंडी आपले शब्द घालून तिला तिथे उभं करणं हा निव्वळ असभ्यपणाही आहे.

गूगलवरच्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात. ‘४.८ तारे’ हा आकडा रोज हलतो, फ्लेक्स हलत नाही. म्हणून आकड्याबरोबर किती अभिप्रायांवरून आणि कोणत्या तारखेचा ते छापा आणि त्या दिवसाचा स्क्रीनशॉट ठेवा. पाच जणांच्या ५.० पेक्षा त्रेचाळीस जणांचा ४.८ अधिक विश्वासाचा, हे वाचणाऱ्यालाही कळतं. अभिप्रायाच्या बदल्यात फीमध्ये पाचशेची सूट देणं किंवा खूश दिसणाऱ्या पालकांनाच लिंक पाठवणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. सूट घेऊन लिहिलेला अभिप्राय जाहिरातीत वापरला तर तो व्यवहार उघड करण्याचं बंधनही अंगावर येतं. सरांच्या मेव्हण्याने दिलेले पाच तारे कोणत्या सदरात येतात, ते वाचकाने ठरवावं. अभिप्राय कसे गोळा करावेत आणि प्रसिद्ध करावेत यावर भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे २०२२ चं मानक आहे. ते ऐच्छिक आहे, पण पहिल्याच वर्षी वाचून ठेवावं असं.

एक इशारा. क्लासचं हे गणित जसंच्या तसं दवाखान्याला लावू नका. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेहासारखे जे आजार आहेत, ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरातच करता येत नाही. तिथे रुग्णाची साक्ष कितीही खरी, सहीची आणि तारखेची असली तरी उपयोगाची नाही. तिथे मजकूर सुधारत बसायचं नसतं, काम नाकारायचं असतं.

राहिली कागदपत्रं. प्रत्येक अभिप्रायामागे एक पातळ फाइल असावी: मूळ मेसेज जसाच्या तसा, निकालानंतरची संमती, मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाचीही सही, फीची पावती म्हणजे कोणता कोर्स केला ते, आणि दाव्याला आधार देणारा कागद, इथे हजेरीची वही. पाच-सहा पानं होतात. फ्लेक्स उतरल्यावरही ती टाकून देऊ नयेत, कारण तक्रार जाहिरात दिसल्यावर येते आणि चौकशी त्यानंतर काही महिन्यांनी. ‘ॲस्की’कडे कुणीही साधा वाचक तक्रार करू शकतो. शेजारचा क्लासवाला तर नक्कीच.

गेल्या जूनमध्ये असाच एक फ्लेक्स छापायला तुर्भ्याला पाठवला होता. वर आईचं वाक्य, खाली कोर्सची ओळ, दोन्ही एकाच मापात. संध्याकाळी छपाईवाल्याचा फोन आला. ‘साहेब, ही खालची ओळ चुकून मोठी राहिलीय वाटतं. बारीक करून टाकू का? वर जागा होईल, एखादा फोटो बसेल.’ मी म्हटलं, राहू दे तशीच. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘मग फोटो कुठे टाकायचा?’

फोटो नव्हताच.